एकाच पत्र्याचे दोन नापास निकाल

मे महिन्याचा दुसरा आठवडा. मकरपुरा जीआयडीसीत एका ओळखीच्या माणसाचा छोटा कारखाना आहे. पॅनेलमध्ये लागणारे कंट्रोल ट्रान्सफॉर्मर तिथे बनतात. मालकाला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांचा सकाळी फोन आला, "सर, चाळीस नग तयार आहेत, पण लोड नसतानाच हात लावता येत नाही इतके तापताहेत. वाइंडिंग तीनदा तपासलं." मी बडोद्यातल्या एका कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. वाइंडिंग बरोबर असूनही रिकामा ट्रान्सफॉर्मर तापत असेल, तर संशय लोखंडावर घ्यायचा, एवढं तिथे शिकलो होतो.

नग ५०० व्हीएचा, २३० व्होल्टवरून ११० व्होल्ट. डिझाइन दादांचं जुनंच, दहा वर्षं चालत आलेलं. ई-आय स्टॅम्पिंग, म्हणजे E आणि I अक्षरांच्या आकारात कापलेले पत्रे. मधली जीभ ५० मिमी, थर ५० मिमी, पत्रा अर्धा मिमी जाड. पत्र्यांमधली पोकळी वजा केली की लोखंडाचं खरं क्षेत्रफळ २४ चौरस सेंमी उरतं. प्रायमरीला ३६० वेढे आणि सेकंडरीला १७२. या वेढ्यांवर कोअरमध्ये १.२ टेस्ला फ्लक्स घनता येते. चांगल्या सिलिकॉन स्टीलला एवढी घनता सहज झेपते.

आधी साधी नो-लोड चाचणी घेतली. मागच्या लॉटमधला एक नग कपाटात होता. तो आणि नवा नग, दोन्ही एकाच वॉटमीटरवर लावले. जुन्याने २३० व्होल्टला ०.१८ ॲम्पिअर घेतले आणि १७ वॉट खाल्ले. नव्याने ०.४६ ॲम्पिअर घेतले आणि ५२ वॉट खाल्ले. कोअरचं वजन साडेपाच किलोच्या आसपास, म्हणजे जुन्यात किलोमागे तीन वॉट आणि नव्यात नऊच्या वर. शॉर्ट झालेला एखादा वेढाही असाच तापतो, म्हणून नव्या नगाची कॉइल काढून तीच जुन्या स्टॅम्पिंगवर चढवली. आकडा पुन्हा १७ वर आला. कॉइल निर्दोष सुटली.

दादा म्हणाले, "पण पत्रा तोच आहे, सर. बिलावर सीआरएनओ लिहिलंय." सीआरएनओ म्हणजे ट्रान्सफॉर्मरसाठीचा सिलिकॉन स्टीलचा पत्रा. पण बिलावर काय लिहिलंय हे लोखंडाला माहीत नसतं. लोखंड कुठलं आहे ते त्याच्या लूपवरूनच कळतं, म्हणून ऑसिलोस्कोप मागवला.

लूप कसा पाहिला

कोअरमध्ये वेढ्यांतून प्रवाह सोडला की चुंबकीय बल H तयार होतं आणि त्याला उत्तर म्हणून लोखंडात फ्लक्स घनता B तयार होते. प्रवाह वाढवत न्या, B वाढतं. प्रवाह शून्यावर आणा, B मात्र शून्यावर येत नाही. काही चुंबकत्व मागे उरतं. ही उरलेली घनता म्हणजे रिटेंटिव्हिटी. ती पुसायला उलट्या दिशेने जेवढं H द्यावं लागतं, ती कोअर्सिव्हिटी. पुढे उलट्या बाजूला तेच घडतं आणि एका फेऱ्यात एक बंद आकृती तयार होते. बल पुढे आणि लोखंड मागे रेंगाळत, म्हणून जेम्स अल्फ्रेड यूइंगने १८८० च्या दशकात ग्रीक शब्दावरून या प्रकाराला हिस्टेरेसिस नाव दिलं. लूपच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे दर घनमीटर लोखंडात एका फेऱ्याला उष्णतेत गेलेली ऊर्जा. आपल्या सप्लायवर असे फेरे सेकंदाला पन्नास होतात.

स्कोपच्या आडव्या अक्षावर H हवं. ते प्रवाहाच्या प्रमाणात असतं, म्हणून प्रायमरीच्या ओळीत १ ओहमचा रेझिस्टर टाकला आणि त्यावरचा व्होल्टेज घेतला. या कोअरमध्ये चुंबकीय वाटेची लांबी ३० सेंमी आहे, त्यामुळे हिशोब सरळ निघतो:

H = N × I ÷ l = 360 × I ÷ 0.30 = 1200 × I

म्हणजे रेझिस्टरवरचे १०० मिलिव्होल्ट म्हणजे १२० ॲम्पिअर प्रति मीटर. उभ्या अक्षावर B हवं. सेकंडरीचा व्होल्टेज B च्या बदलाच्या वेगाशी जोडलेला असतो, म्हणून त्याचं इंटिग्रेशन करावं लागतं. १०० किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे १ मायक्रोफॅरडचा प्लॅस्टिक फिल्म कपॅसिटर, आणि कपॅसिटरवरचा व्होल्टेज स्कोपला. १.२ टेस्लाला तिथे जवळपास ४.९५ व्होल्टचं शिखर येतं, म्हणजे एका टेस्लाला सव्वाचार व्होल्टला थोडे कमी.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली जिवावरची आहे. स्कोपच्या प्रोबची क्लिप अर्थला जोडलेली असते. मेन्सवर थेट चालणाऱ्या सर्किटला ती लावली की एक तर धडाका होतो, नाही तर शॉक बसतो. म्हणून आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, मग डिमरस्टॅट, आणि मग आपला नग. दुसरी चूक तशी निरुपद्रवी, पण फसवणारी. घाईत १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावले तर सर्किट नीट इंटिग्रेट करत नाही, लूपची टोकं एकमेकांना ओलांडून गाठ मारतात आणि बघणाऱ्याला वाटतं की लोखंडातच काही विचित्र आहे. गाठ दिसली की आधी कपॅसिटर बदलून पाहायचा.

डिमरस्टॅट शून्यापासून हळूहळू चढवला. जुन्या नगाचा लूप उंच आणि सडपातळ, तिरक्या S सारखा. मध्यरेषेवर अर्धी रुंदी ८० मिलिव्होल्टच्या जवळपास, म्हणजे सुमारे १०० ॲम्पिअर प्रति मीटर. नव्या नगाचा लूप तेवढाच उंच, पण पोट सुटलेला. अर्धी रुंदी २८० मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ३४० ॲम्पिअर प्रति मीटर. दादांचा पुतण्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "वॉटही तिप्पट आणि रुंदीही तिप्पट." अगदी बरोबर. उंची सारखी असताना क्षेत्रफळ रुंदीच्या प्रमाणातच वाढतं. ५२ वॉटला पन्नासने भागलं की दर फेऱ्याला १ जूलच्या थोडं वर येतं. जुन्या नगात तेच ०.३४ जूल.

पण सगळा दोष हिस्टेरेसिसचा का?

पुतण्याने रास्त प्रश्न विचारला. पत्र्यावरचं इन्शुलेशन उडालं असेल, कापताना कडांना धातूची कुसळं आली असतील, तर पत्रे एकमेकांना चिकटून एडी करंट, म्हणजे लोखंडातच गोल फिरणारे प्रवाह, वाढतील. मग लूप रुंद दिसण्याचं कारण ते कशावरून नसेल? शंका खरीच आहे, कारण ५० हर्ट्झवर दिसणाऱ्या लूपमध्ये दोन्ही तोटे मिसळलेले असतात.

ते वेगळे करायची युक्ती जुनी आहे. फ्रिक्वेन्सी निम्मी करायची आणि व्होल्टेजही निम्मा करायचा, म्हणजे B तेवढंच राहतं. हिस्टेरेसिसचा दर फेऱ्याचा तोटा त्यामुळे बदलत नाही, एडीचा मात्र निम्मा होतो. लॅबमधल्या मोटर-अल्टरनेटर सेटवर नग नेला आणि २५ हर्ट्झला ११५ व्होल्ट दिले. इन्व्हर्टर ड्राइव्ह वापरला नाही, त्याच्या चिरफाळलेल्या लाटेने उलट जास्त एडी करंट निर्माण केले असते. वॉटमीटरने २२ दाखवले. दर फेऱ्याला ५० हर्ट्झवर १.०४ जूल आणि २५ हर्ट्झवर ०.८८ जूल. फरक ०.१६. आणखी २५ हर्ट्झ खाली उतरून शून्यावर गेलो असं धरलं तर ०.७२ उरतात, आणि हे निव्वळ हिस्टेरेसिसचे.

म्हणजे ५२ वॉटपैकी ३६ वॉट हिस्टेरेसिस आणि १६ वॉट एडी. एडीही जास्तच आहे, पण मुख्य चोर लोखंडाच्या स्वभावातच बसलेला. ०.७२ जूलच्या हिशोबाने एडीविरहित लूपची अर्धी रुंदी, म्हणजे पत्र्याची खरी कोअर्सिव्हिटी, २३० ॲम्पिअर प्रति मीटरच्या आसपास येते. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

पत्रा कुठला होता ते शेवटी मल्टिमीटरनेच सांगितलं. ही चाचणी माल उतरवतानाच करता येते, म्हणून सविस्तर लिहितो. सिलिकॉन मिसळलं की लोखंडाचा विद्युत रोध चांगलाच वाढतो, साध्या पत्र्याच्या अडीच-तीन पट. स्टॅम्पिंगमधली एक 'आय' घ्यायची, १५० मिमी लांब आणि २५ मिमी रुंद. दोन टोकांना जाड क्लिप लावून ५ ॲम्पिअर डीसी सोडायचे. मल्टिमीटरच्या सुया मात्र त्या क्लिपांवर ठेवायच्या नाहीत, आत पत्र्यावर १०० मिमी अंतराने टेकवायच्या, नाही तर क्लिपच्या संपर्काचा रोध मोजला जातो. वार्निशचा थर सुईने खरवडायचा. जुन्या लॉटच्या 'आय'ने १६ मिलिव्होल्ट दिले. नव्याने साडेपाच. साडेपाच म्हणजे कपाटं आणि पॅनेलचे डबे बनवायचा सीआरसी पत्रा. त्यात सिलिकॉन नाही, शिवाय पंचिंगनंतर ॲनिलिंगही केलेलं नव्हतं. पंच बसतो तिथे कण मुरगळतात आणि लोखंडातल्या चुंबकीय क्षेत्रांच्या भिंती अडखळायला लागतात. त्या भिंती सरकवायला लागणारं जास्तीचं बल म्हणजेच वाढलेली कोअर्सिव्हिटी.

दादांनी दोन पळवाटा सुचवल्या. पहिली, वेढे वाढवून B खाली आणायचं. ०.९ टेस्लाला उतरवलं तर तोटा तीसेक वॉटवर येईल, पण प्रायमरीला ४८० वेढे लागतील आणि तेवढं तांबं खिडकीत मावत नाही. बारीक तार घेतली तर तांब्याचा तोटा वाढतो. दुसरी, भट्टीत ॲनिलिंग. त्याने ताण निघाला असता आणि कोअर्सिव्हिटी नक्की उतरली असती, पण सिलिकॉन काही भट्टीतून आत शिरणार नव्हतं. एडीचा तोटा तसाच राहिला असता. चाळीस नगांची स्टॅम्पिंग बदलायचं ठरलं. पुरवठादाराशी काय बोलणं झालं ते दादांपाशी.

"मग थेट सीआरजीओच घेऊ का? एकदाचा विषय संपेल," असंही दादांनी विचारलं. सीआरजीओमध्ये सगळे कण एका दिशेला रांगेत बसवलेले असतात (नॉर्मन गॉसचं १९३४ चं पेटंट), आणि त्या दिशेने कोअर्सिव्हिटी दहा ॲम्पिअर प्रति मीटरच्याही खाली जाते. पण ई-आयमध्ये फ्लक्सला कोपऱ्यावर काटकोनात वळावं लागतं, आणि तिथे तो कणांच्या आडवा जातो. पैसे पूर्ण सीआरजीओचे आणि फायदा अर्धामुर्धा. या मापाच्या नगाला चांगला सीआरएनओ पुरतो.

दुसरी परीक्षा

प्रकरण इथे संपलं असतं, पण पुतण्याला स्कोपवर आणखी एक गोष्ट दिसली होती. नव्या पत्र्याचा लूप उभ्या अक्षाला साडेतीन व्होल्टवर कापत होता, म्हणजे ०.८५ टेस्ला चुंबकत्व मागे उरत होतं. जुन्याचं ०.७ वर. कारखान्यात लेथखालचा कीस गोळा करायला चुंबकाचा ट्रे हवा होता आणि त्यासाठी फेराइटच्या वड्या मागवायच्या होत्या. फेराइटची रिटेंटिव्हिटी ०.४ टेस्ला. तो म्हणाला, "सर, हा पत्रा दुप्पट चुंबकत्व धरतो. ट्रान्सफॉर्मरला वाईट म्हणजे चुंबकाला चांगला. चारशे-पाचशे 'आय' पडून आहेत, आपणच चुंबक करू."

बारावीची निम्मी मुलं हेच उत्तर लिहितात. मी अडवलं नाही, करून बघ म्हटलं.

त्याने पन्नास 'आय' एकावर एक बांधून २५ × २५ × १५० मिमीची कांडी केली, वर ३०० वेढे घेतले आणि १० ॲम्पिअर डीसी सोडले. प्रवाह चालू असताना कांडीने मोठा पाना उचलला. प्रवाह बंद केला आणि पाना टेबलावर पडला. मागे कांडीला चार-सहा टाचण्या कशाबशा लटकत होत्या. गॉसमीटरने टोकावर तीन-चार मिलिटेस्ला दाखवले. ०.८५ टेस्ला गेले कुठे?

ते गेले नव्हते, मुळात त्या कांडीत ते टिकूच शकत नव्हते. ट्रान्सफॉर्मरमध्ये फ्लक्सची वाट लोखंडातूनच बंद होते. मोकळ्या कांडीला मात्र दोन उघडी टोकं असतात. टोकांवर उत्तर आणि दक्षिण ध्रुव तयार झाले की त्यांचंच क्षेत्र कांडीच्या आतून उलट्या दिशेने जातं. चुंबक स्वतःच स्वतःला पुसत असतो. हे उलटं बल किती, ते आकारावर ठरतं. लांबी जाडीच्या पाचपट असलेल्या कांडीत ते मॅग्नेटायझेशनच्या सुमारे ०.०४ पट येतं. हा पत्रा सोसू शकतो २३० ॲम्पिअर प्रति मीटर. २३० ला ०.०४ ने भागा, ५७५० येतात. टेस्लामध्ये हे ०.००७ होतात. कांडीच्या मध्यावर एवढंच उरणार आणि टोकाच्या पृष्ठभागावर त्याच्या साधारण निम्मं. गॉसमीटर खोटं बोलत नव्हता.

हाच हिशोब अल्निको-५ च्या कांडीला लावला तर चित्र पालटतं. त्याची कोअर्सिव्हिटी ५०,००० ॲम्पिअर प्रति मीटरच्या आसपास आणि रिटेंटिव्हिटी १.२५ टेस्ला. त्याच आकारात तो एक टेस्लाच्या आसपास टिकून राहतो. म्हणूनच अल्निकोचे चुंबक लांब कांडीचे किंवा नालेचे असतात. त्याची चपटी वडी केली तर तोही स्वतःला पुसून टाकतो. फेराइटची रिटेंटिव्हिटी कमी, पण कोअर्सिव्हिटी अडीच लाखांच्या जवळ. त्याची पातळ वडी खुशाल करा. निओडिमियम तर आठ लाखांच्याही वर जातो, शिवाय रिटेंटिव्हिटी १.२ टेस्ला. त्याच्या साध्या ग्रेडला ८० अंशांची मर्यादा असते, तेवढं मात्र लेथजवळच्या गरम किसात लक्षात ठेवायचं.

पुतण्याचं समाधान झालं नव्हतं. "पण स्कोपने ०.८५ दाखवलं ते खोटं होतं का?" खोटं नव्हतं, बंद वाटेसाठी खरं होतं. ते दाखवायला ई-थप्पी आणि आय-थप्पी वेगवेगळ्या बांधल्या, ई-थप्पीच्या मधल्या जिभेवर कॉइल चढवली, तोंडं घासून सपाट केली आणि समोरासमोर टेकवून डीसी सोडला. प्रवाह बंद केल्यावरही दोन्ही थप्प्या घट्ट चिकटून राहिल्या. पुतण्याला दोन्ही हातांनी खेचावं लागलं. सुटल्यावर लगेच पुन्हा टेकवल्या तर आय-थप्पी नुसती घरंगळली. खेचताना जो हवेचा गाळा पडला, तेवढ्यानेच चुंबकत्व पुसलं गेलं, आणि पुन्हा जोडल्याने ते परत येत नाही. रिलेच्या आर्मेचरवर पितळेची एवढीशी टिकली असते ती याचसाठी: लोखंडाला लोखंड पूर्ण टेकू द्यायचं नाही, नाही तर कॉइल बंद झाल्यावरही रिले सुटत नाही.

इथे एक बारकावा आहे. जुळवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर लूप पाहताना कोअर्सिव्हिटीचा आकडा विश्वासाने घ्यावा, रिटेंटिव्हिटीचा घेऊ नये. ई आणि आयच्या सांध्यांत हवेचे बारीक गाळे असतात. B शून्य असतं त्या क्षणी गाळ्यात काहीच बल खर्च होत नाही, म्हणून आडवा छेद खरा राहतो. H शून्य असतं तेव्हा मात्र लोखंडात B आहे, गाळा आपला वाटा मागतो आणि लूप आडवा कलतो. जुन्या नगाचं ०.७ आणि नव्याचं ०.८५ ही तुलना त्यामुळे पत्र्यांची नव्हतीच. सडपातळ लूप त्याच गाळ्याने जास्त कलतो, म्हणून सरस पत्रा कमी धरताना दिसला. पुतण्याची सगळी इमारत याच फरकावर उभी होती.

ट्रान्सफॉर्मरसाठी २३० ही कोअर्सिव्हिटी फार जास्त, आणि चुंबकासाठी शेकडो पटींनी कमी. दोन परीक्षांच्या पासिंगच्या रेषांमध्ये केवढं मोठं रान पसरलं आहे, आणि हा पत्रा त्याच्या अगदी अलीकडच्या काठावर आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये वाईट ठरला म्हणून तो 'कठीण' चुंबकीय पदार्थ होत नाही. तो मऊच आहे, फक्त पुरेसा मऊ नाही.

ट्रेसाठी शेवटी फेराइटच्या आठ वड्या आल्या. त्या नुसत्या ठेवल्या तर मागच्या बाजूचा फ्लक्स हवेत वाया जातो, म्हणून ध्रुव आलटून पालटून लावले आणि पाठीमागे लोखंडी पट्ट्या दिल्या, म्हणजे फ्लक्स एका वडीतून निघून पाठच्या पट्टीतून शेजारच्या वडीत जातो. पट्टीतला फ्लक्स स्थिर असतो, सेकंदाला पन्नास फेरे नाहीत, त्यामुळे लूप रुंद असला तरी बिघडत नाही. पट्ट्या म्हणून पुतण्याने त्या पडलेल्या 'आय'च वापरल्या, सहा-सहाच्या थरात. ट्रे आता पुरता कीस उचलतो. उरलेल्या 'आय'च्या खोक्यावर दादांनी खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: "साडेपाच मिलिव्होल्ट. बॉबिनमध्ये घालू नये."